दोन नोकऱ्यांच्या सेवाकाळाची बेरीज : वर्षे, महिने, दिवस आणि ‘हातचा’

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली. त्यापूर्वी शाळेत शिकलेल्या पिढीला रुपये-आणे-पैंची बेरीज चांगली ठाऊक होती. बारा पै झाल्या की एक आणा हातचा, सोळा आणे झाले की एक रुपया हातचा. ती नाणी इतिहासजमा झाली आणि त्यांच्याबरोबर ती बेरीजही पाठ्यपुस्तकांतून गेली. परंतु तशाच स्वरूपाचा एक हिशेब आजही प्रत्येक सेवानिवृत्ताच्या कागदपत्रांत होत असतो. तो म्हणजे सेवाकाळाचा. तीस दिवसांचा एक महिना आणि बारा महिन्यांचे एक वर्ष, असे त्याचे कोष्टक असते. सेवा एकाच ठिकाणी सलग झाली असेल तर हिशेब एका वजाबाकीत संपतो. मात्र ती दोन खंडांत झाली असेल, तर दोन वजाबाक्या आणि एक बेरीज करावी लागते आणि त्या तीन पायऱ्यांवर एक-दोन दिवस सहज हरवतात.

हे एक-दोन दिवस क्षुल्लक वाटतात, पण प्रत्यक्षात ते तसे नसतात. केंद्र सरकारच्या नागरी सेवकांना सेवानिवृत्तीच्या वेळी मिळणारे उपदान पूर्ण सहामाहींच्या संख्येवर मोजले जाते. प्रत्येक पूर्ण सहामाहीसाठी अखेरच्या वेतनाच्या, म्हणजे मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या, एक चतुर्थांश रक्कम मिळते. एकूण उपदान या वेतनाच्या साडेसोळा पटींपेक्षा अधिक होत नाही आणि शासनाने ठरविलेली कमाल रकमेची मर्यादाही त्यास लागू असते. सेवाकाळाच्या शेवटी उरणाऱ्या अपूर्ण वर्षाचा नियम असा : उरलेला काळ तीन महिन्यांहून कमी असेल तर तो सोडून दिला जातो, तीन महिने किंवा अधिक, पण नऊ महिन्यांहून कमी असेल तर एक सहामाही धरली जाते, नऊ महिने किंवा अधिक असेल तर दोन सहामाही. तेव्हा दोन महिने एकोणतीस दिवस आणि तीन महिने यांत कागदावर एका दिवसाचे अंतर असले, तरी पदरात पडणाऱ्या रकमेत एका सहामाहीचे अंतर असते.

उदाहरणातील कर्मचारी

हिशेब समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात एक कर्मचारी २६ मार्च १९९० रोजी मध्यान्हपूर्व रुजू झाला. तो ज्या पदावर होता ते पद संपुष्टात आल्यामुळे १४ डिसेंबर १९९४ रोजी मध्यान्हानंतर त्याची सेवा संपली. त्या वेळी त्याने कोणताही निवृत्तिलाभ घेतला नाही. पुढे केंद्राच्याच दुसऱ्या खात्यात त्याची नियुक्ती झाली आणि २० फेब्रुवारी १९९६ रोजी मध्यान्हपूर्व तो तेथे रुजू झाला. या खात्यातून तो ३१ ऑगस्ट २०२२ रोजी मध्यान्हानंतर नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाला. दुसरी नियुक्ती १ जानेवारी २००४ पूर्वीची असल्यामुळे त्यास जुनी निवृत्तिवेतन पद्धती लागू आहे.

बेरीज करण्यापूर्वी पहिला प्रश्न असा की, पहिली सेवा दुसरीत मिळविता येते काय? केंद्रीय नागरी सेवेच्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे नागरी सेवेच्या दोन खंडांमधील तूट, सेवापुस्तकात तिच्याविरुद्ध स्पष्ट नोंद नसेल तर, आपोआप क्षमापित मानली जाते आणि तुटीपूर्वीची सेवा जमेस धरली जाते. राजीनामा, बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे किंवा संपातील सहभाग यांमुळे पडलेल्या तुटीस ही सवलत नाही. मात्र योग्य परवानगी घेऊन दुसऱ्या शासकीय पदावर जाण्यासाठी दिलेल्या राजीनाम्याने आधीची सेवा बुडत नाही. उदाहरणातील कर्मचाऱ्याची तूट पद संपुष्टात आल्यामुळे पडलेली असल्याने त्याच्या दोन्ही सेवा मिळविल्या जातील. तुटीचा काळ स्वतः मात्र अर्हताकारी सेवेत धरला जात नाही. म्हणूनच १९९० ते २०२२ अशी एकच सरळ वजाबाकी येथे चालणार नाही. प्रत्येक खंड वेगळा काढून मग बेरीज करावी लागेल.

पहिली पायरी : प्रत्येक खंड वेगळा काढणे

दिनांकांची वजाबाकी करताना वर्ष, महिना, दिवस अशा तीन उभ्या रकान्यांत शेवटचा दिनांक वर आणि रुजू होण्याचा दिनांक खाली लिहावा. वजाबाकी उजवीकडून, म्हणजे दिवसांपासून, सुरू करावी.

पहिला खंड :

१९९४ – १२ – १४
१९९० – ०३ – २६

चौदातून सव्वीस जात नाहीत. म्हणून महिन्यांच्या रकान्यातून एक महिना उसना घ्यावा लागतो. शेवटच्या महिन्याच्या लगतचा मागील महिना नोव्हेंबर, आणि त्याचे दिवस तीस. तेव्हा चौदा आणि तीस मिळून चव्वेचाळीस, त्यांतून सव्वीस गेले, उरले अठरा दिवस. महिन्यांच्या रकान्यात बारातून एक उसना दिल्याने अकरा राहिले. त्यांतून तीन गेले, उरले आठ महिने. वर्षे चार. वजाबाकीचे उत्तर ४ वर्षे ८ महिने १८ दिवस असे आले.

येथे एक दिवस मिळवायचा राहिला आहे. वजाबाकी दोन दिनांकांमधील अंतर सांगते. सेवा मात्र दोन्ही टोकांच्या दिवसांसह मोजली जाते. कर्मचाऱ्याने २६ मार्चला काम केले आणि १४ डिसेंबरलाही काम केले. एखादा मनुष्य सोमवारी कामावर आला आणि त्याच आठवड्याच्या शुक्रवारी सुटला, तर पाचातून एक वजा करून चार येतात, पण काम पाच दिवस झालेले असते. हा सुटलेला दिवस प्रत्येक खंडात एकदा मिळवावा लागतो. म्हणून पहिला खंड ४ वर्षे ८ महिने १९ दिवसांचा झाला.

दुसरा खंड :

२०२२ – ०८ – ३१
१९९६ – ०२ – २०

येथे उसने घेण्याची गरज नाही. एकतीसमधून वीस गेले, उरले अकरा दिवस. आठातून दोन गेले, सहा महिने. वर्षे सव्वीस. त्यात टोकाचा एक दिवस मिळविला की दुसरा खंड २६ वर्षे ६ महिने १२ दिवसांचा होतो.

दुसरी पायरी : बेरीज आणि हातचा

आता दोन्ही खंड एकाखाली एक मांडू.

४ वर्षे – ८ महिने – १९ दिवस
२६ वर्षे – ६ महिने – १२ दिवस

प्रथम हातच्याचा विचार न करता प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे मिळवावा. दिवस एकतीस, महिने चौदा, वर्षे तीस.

मग उजवीकडून हातचे काढावेत. एकतीस दिवसांत तीस दिवसांचा एक महिना आणि वर एक दिवस. म्हणून दिवसांच्या रकान्यात एक उरतो आणि महिन्यांकडे एक हातचा जातो. महिने आता चौदा आणि एक मिळून पंधरा. पंधरा महिन्यांत बारा महिन्यांचे एक वर्ष आणि वर तीन महिने. म्हणून महिन्यांच्या रकान्यात तीन उरतात आणि वर्षांकडे एक हातचा जातो. वर्षे एकतीस.

एकूण अर्हताकारी सेवा ३१ वर्षे ३ महिने १ दिवस.

हातचे काढण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. महिन्यांचा हातचा आधी काढून मग दिवसांकडे वळले, तर दिवसांकडून आलेला महिना नंतर येऊन पडतो आणि महिन्यांचा रकाना पुन्हा तपासावा लागतो. या उदाहरणात चौदाचे दोन झाले असते आणि नंतर दोनाचे तीन. अन्य एखाद्या उदाहरणात अकरा महिन्यांवर तो महिना येऊन पडला की बारा होतात, आणि ते बारा तसेच लिहून ठेवलेले पत्रक अधूनमधून पाहावयास मिळते. अंतिम उत्तरात दिवस तीसपेक्षा कमी आणि महिने बारापेक्षा कमी असलेच पाहिजेत, ही साधी खूण लक्षात ठेवली म्हणजे ही चूक लगेच नजरेस येते.

पडताळा

बेरीज बरोबर आली की नाही हे पाहण्याचा एक स्वतंत्र मार्ग आहे. पहिल्यांदा रुजू झाल्यापासून अखेरच्या निवृत्तीपर्यंतचा संपूर्ण काळ काढावा आणि त्यातून तुटीचा काळ वजा करावा. २६ मार्च १९९० ते ३१ ऑगस्ट २०२२ हा काळ, टोकाच्या दिवसासह, ३२ वर्षे ५ महिने ६ दिवसांचा आहे. तूट १५ डिसेंबर १९९४ पासून १९ फेब्रुवारी १९९६ पर्यंत, म्हणजे दोन्ही दिवस धरून १ वर्ष २ महिने ५ दिवस. वजाबाकी केली की ३१ वर्षे ३ महिने १ दिवस हेच उत्तर मिळते.

महिन्यांचे दिवस कमीजास्त असल्यामुळे काही उदाहरणांत या दोन मार्गांच्या उत्तरांत एक-दोन दिवसांचा फरक येऊ शकतो. असा फरक आला म्हणजे चूक झालीच असे नाही. परंतु फरक एका महिन्याचा असेल तर हातचा विसरला आहे, आणि एका वर्षाचा असेल तर महिन्यांचा हातचा विसरला आहे, असे समजावे.

सहामाही कोठे हरवते

आता या सेवाकाळाच्या सहामाही करू. एकतीस वर्षांच्या बासष्ट सहामाही. उरलेले तीन महिने एक दिवस तीन महिन्यांच्या पलीकडे असल्याने आणखी एक. एकूण त्रेसष्ट. अखेरचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ८०,००० रुपये धरले, तर एका सहामाहीचे उपदान २०,००० रुपये आणि त्रेसष्ट सहामाहींचे १२,६०,००० रुपये होते. बासष्ट सहामाही धरल्या तर १२,४०,००० रुपये.

त्रेसष्टावी सहामाही या उदाहरणात केवळ एका दिवसाच्या आधाराने उभी आहे. ती हरविण्याचे तीन मार्ग नेहमी दिसतात.

पहिला मार्ग टोकाचा दिवस न मिळविण्याचा. एका खंडात तो सुटला तर दिवसांची बेरीज तीस होते, पूर्ण एक महिना हातचा जातो आणि उत्तर बरोबर तीन महिन्यांवर येते. सहामाही कशीबशी वाचते. पण दोन्ही खंडांत सुटला तर अठरा आणि अकरा मिळून एकोणतीस दिवस होतात, हातचा जातच नाही आणि उत्तर ३१ वर्षे २ महिने २९ दिवस असे येते. सहामाही गेली. सलग सेवेत ही चूक एका दिवसाची असते. दोन खंडांत ती दुप्पट होते, हे विशेषतः ध्यानात घ्यावे.

दुसरा मार्ग घाईने पूर्णांक करण्याचा. काही जण प्रत्येक खंडाच्या सहामाही वेगवेगळ्या काढून मग त्यांची बेरीज करतात. पहिल्या खंडाच्या चार वर्षांच्या आठ, आणि आठ महिने एकोणीस दिवस हे तीन महिन्यांहून अधिक पण नऊ महिन्यांहून कमी म्हणून आणखी एक, अशा नऊ. दुसऱ्या खंडाच्या बावन्न आणि सहा महिन्यांची एक, अशा त्रेपन्न. बेरीज बासष्ट. पहिल्या खंडात दोन महिने एकोणीस दिवस आणि दुसऱ्यात बारा दिवस इतका काळ सहामाहीच्या वर उरलेला होता आणि तो दोन्ही ठिकाणी वाया गेला. आधी दिवसांपर्यंत पूर्ण बेरीज करावी आणि सहामाहींचा नियम अगदी शेवटी, एकदाच लावावा. काही आकड्यांत ही घाई कर्मचाऱ्याच्या फायद्याची ठरते, पण मग लेखापरीक्षणात वसुली निघण्याची भीती असते.

तिसरा मार्ग दशांश चिन्हाचा. ४ वर्षे ८ महिने हे ४.८ असे आणि २६ वर्षे ६ महिने हे २६.६ असे लिहून गणकयंत्रावर बेरीज केली की ३१.४ येते, आणि ते एकतीस वर्षे चार महिने असे वाचले जाते. वास्तविक आठ आणि सहा महिने मिळून चौदा, म्हणजे एक वर्ष दोन महिने. यंत्राने दहावर हातचा काढला, पण महिन्यांचा हातचा बारावर निघतो. दोन महिन्यांची ही खोटी वाढ एखाद्या कर्मचाऱ्याला मनातल्या मनात सहामाही मिळवून देते आणि मंजुरीच्या पत्रकात ती दिसली नाही की कार्यालयाविषयी अकारण संशय निर्माण होतो.

उसन्या महिन्याचे दिवस किती?

उदाहरणात उसना घेतलेला महिना नोव्हेंबर होता आणि त्याचे दिवस तीसच होते. त्यामुळे प्रश्न उद्भवला नाही. पण उसना महिना फेब्रुवारी असेल तर? २५ जानेवारी ते १० मार्च हा काळ, लीप नसलेल्या वर्षातला, पाहू. कॅलेंडर समोर ठेवून मोजले तर २५ जानेवारी ते २४ फेब्रुवारी एक महिना. पुढे २५ ते २८ फेब्रुवारी चार दिवस आणि मार्चचे दहा, असे चौदा दिवस. एकूण १ महिना १४ दिवस. वजाबाकीत फेब्रुवारीचे अठ्ठावीस दिवस उसने घेतले तर दहा आणि अठ्ठावीस मिळून अडतीस, त्यांतून पंचवीस गेले तेरा, टोकाचा एक मिळवून चौदा. उत्तर जुळते. तेथे सरसकट तीस घेतले तर सोळा येतात. दोन दिवस जास्त.

म्हणून खंड काढताना उसन्या महिन्याचे खरे दिवस घेणे अधिक अचूक ठरते. खात्री नसेल तर कॅलेंडरवरून एका तारखेपासून पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेपर्यंत मोजत जावे, म्हणजे शेवटी किती सुटे दिवस उरतात ते प्रत्यक्ष दिसते. बेरजेच्या वेळी मात्र तीसच घेतात, आणि त्याचे कारण सरळ आहे. पहिल्या खंडाचे एकोणीस दिवस नोव्हेंबर-डिसेंबर १९९४ मधले आणि दुसऱ्याचे बारा दिवस ऑगस्ट २०२२ मधले. हे सुटे दिवस एकत्र आले की ते कोणत्याच एका महिन्याचे राहत नाहीत. त्यांना मापण्यासाठी ठरावीक माप लागते आणि ते तीस दिवसांचे धरण्याचा प्रघात आहे.

काही जण सगळेच दिवसांत मोजून ३६५ ने भागतात. या उदाहरणात पहिला खंड १,७२५ दिवसांचा आणि दुसरा ९,६९० दिवसांचा, एकूण ११,४१५ दिवस. ३६५ ने भागले की एकतीस वर्षे आणि शंभर दिवस, म्हणजे ३१ वर्षे ३ महिने १० दिवस येतात. नऊ दिवस वाढले. या सेवाकाळात २९ फेब्रुवारी आठ वेळा आली. वाढीचा मोठा भाग त्या आठ दिवसांचा आहे. येथे सहामाहीत फरक पडला नाही. परंतु जेथे सेवा सीमेच्या आठ-दहा दिवस अलीकडे संपते, तेथे ही रीत न मिळालेली सहामाही मिळाल्याचा भास निर्माण करते.

संगणकावर करावयाचे असल्यास

तक्त्याच्या प्रणालीत रुजू होण्याचा दिनांक A2 मध्ये आणि शेवटचा दिनांक B2 मध्ये लिहून पुढील तीन सूत्रे अनुक्रमे वर्षे, महिने व दिवस देतात :

```
=DATEDIF(A2,B2+1,"Y")
=DATEDIF(A2,B2+1,"YM")
=DATEDIF(A2,B2+1,"MD")
```

यातील +1 हाच वर सांगितलेला टोकाचा दिवस. तो दिनांकातच मिळविल्यामुळे नंतर वेगळा मिळवू नये, अन्यथा तो दोनदा धरला जाईल. दिवस देणारे तिसरे सूत्र काही महिनाअखेरींच्या बाबतीत चुकीचे उत्तर देऊ शकते, अशी सूचना एक्सेल प्रणालीच्या निर्मात्या कंपनीनेच दिलेली आहे. म्हणून दिवसांचा आकडा कॅलेंडरवरून एकदा ताडून पाहावा. दोन खंडांची बेरीज आणि हातचे हे सूत्र करीत नाही. ते काम स्वतंत्रपणे करावेच लागते.

आकड्यांपूर्वी नोंदी

बेरीज कितीही अचूक केली तरी तिच्यात घातलेले दिनांक चुकीचे असतील तर उत्तर चुकणारच. सेवापुस्तकात तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, ‘मध्यान्हपूर्व’ आणि ‘मध्यान्हानंतर’ हे शब्द. मध्यान्हानंतर रुजू झालेल्या कर्मचाऱ्याची सेवा दुसऱ्या दिवसापासून मोजली जाते आणि मध्यान्हपूर्व कार्यमुक्त झालेल्याचा तो दिवस सेवेत येत नाही. उदाहरणातील कर्मचारी १४ डिसेंबरला मध्यान्हपूर्व कार्यमुक्त झाला असता आणि २० फेब्रुवारीला मध्यान्हानंतर रुजू झाला असता, तर दोन्ही खंड एकेका दिवसाने घटून बेरीज पुन्हा २ महिने २९ दिवसांवर आली असती. मग त्याची मागणी बासष्ट सहामाहींचीच झाली असती.

दुसरी, असाधारण रजा. वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेतलेली अशी रजा सेवेत धरली जाते. वैयक्तिक कारणासाठी घेतलेली सामान्यतः धरली जात नाही. या कर्मचाऱ्याने दुसऱ्या खंडात अशी वीस दिवसांची रजा घेतली असती, तर ३१ वर्षे ३ महिने १ दिवस यातून वीस दिवस वजा करावे लागले असते. एकातून वीस जात नाहीत. एक महिना उसना, म्हणजे एकतीसमधून वीस, उरले अकरा. उत्तर ३१ वर्षे २ महिने ११ दिवस. ही वजाबाकी एकूण बेरजेतून शेवटी करावी. प्रत्येक खंडातून आधी केली तर उसने घेण्याचे काम अकारण वाढते.

तिसरी, पहिल्या सेवेच्या पडताळणीची नोंद. दुसऱ्या कार्यालयाकडे पहिल्या कार्यालयाचे सेवापुस्तक पोचलेच नसेल, तर हिशेबात पहिला खंड येतच नाही. चार वर्षे आठ महिने म्हणजे नऊ-दहा सहामाही असतात. त्यापुढे एका दिवसाचा वाद फिका पडतो. केंद्रीय नियमांप्रमाणे सेवेची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आणि निवृत्तीस पाच वर्षे उरली असता अर्हताकारी सेवेची पडताळणी करून तिचे प्रमाणपत्र कर्मचाऱ्यास द्यावयाचे असते. ते प्रमाणपत्र हाती आले की त्यातील वर्षे, महिने व दिवस वरील रीतीने ताडून पाहण्याची हीच योग्य वेळ. जुनी कागदपत्रे तेव्हा शोधता येतात. निवृत्तीनंतर ती शोधणे कठीण होते.

बेरीज एकच, नियम वेगळे

दिवसांपर्यंतची बेरीज सर्वत्र सारखीच करावयाची असते. तिचे पुढे काय करावयाचे हे मात्र ज्या त्या नियमांवर अवलंबून असते. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन विनियमांत सहामाही नाहीत. तेथे शेवटचे अपूर्ण वर्ष सहा महिन्यांहून अधिक असेल तर पूर्ण वर्ष धरतात, आणि सहा महिने किंवा कमी असेल तर सोडून देतात. पूर्ण निवृत्तिवेतनासाठी तेहतीस वर्षांची सेवा लागते आणि ती कमी असेल तर निवृत्तिवेतन त्या प्रमाणात घटते. म्हणजे ३१ वर्षे ३ महिने १ दिवसाची सेवा तेथे एकतीसच वर्षे ठरते. उलट ३१ वर्षे ६ महिने १ दिवस झाले की बत्तीस. बँकेत सीमा तीन महिन्यांवर नसून सहा महिन्यांवर आहे, आणि तिचा परिणाम एकदाच मिळणाऱ्या उपदानापुरता न राहता दरमहाच्या निवृत्तिवेतनावर होतो. केंद्र सरकारमध्ये १ जानेवारी २००६ पासून पूर्ण निवृत्तिवेतनाचा तेहतीस वर्षांशी असलेला संबंध संपला असल्याने तेथे सहामाहींची संख्या प्रामुख्याने उपदानासाठी महत्त्वाची उरली आहे.

निवृत्तिवेतन बँकेच्या शाखेतून मिळत असल्यामुळे अनेक ग्राहक सेवाकाळातील चुकीची तक्रारही शाखेतच घेऊन येतात. शाखेस निवृत्तिवेतन प्रदान आदेशाप्रमाणे रक्कम द्यावयाची असते; त्यात छापलेली अर्हताकारी सेवा बदलण्याचा अधिकार तिला नाही. दुरुस्तीचा अर्ज निवृत्तीच्या वेळच्या कार्यालय प्रमुखाकडे करावा लागतो आणि तेथून तो वेतन व लेखा कार्यालयाकडे जातो. या अर्जात ‘सेवा कमी धरली आहे’ एवढेच वाक्य लिहून भागत नाही. दोन्ही खंडांचे दिनांक मध्यान्हपूर्व-मध्यान्हानंतरच्या नोंदीसह, प्रत्येक खंडाची वजाबाकी, टोकाचा दिवस, बेरीज, दोन्ही हातचे आणि शेवटी सहामाहींची संख्या अशी एका पानाची मांडणी सोबत जोडावी. तपासणाऱ्या लेखापालास त्याच्या पत्रकातील कोणत्या ओळीवर फरक पडला आहे हे त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते, आणि उत्तर देणे त्यास सोपे जाते.